पोटरीतली गुठळी, फुप्फुसातला घात

1846 च्या सुमारास बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात शवविच्छेदनाचं काम रुडॉल्फ फिरशो नावाच्या पंचविशीतल्या डॉक्टरकडे होतं. अचानक दगावलेल्या काही रुग्णांच्या फुप्फुसाच्या धमनीत त्याला घट्ट गुठळ्या सापडत. त्या काळची समजूत अशी, की रक्तवाहिनीला जिथे दाह होतो तिथेच गुठळी धरते. म्हणजे फुप्फुसातली गुठळी फुप्फुसातच तयार झालेली. फिरशोला हे पटेना. गुठळीभोवतीची धमनी त्याला निरोगी दिसे, आणि त्याच शरीरात पायाच्या किंवा ओटीपोटाच्या शिरांमध्ये दुसरी गुठळी मिळे. मग त्याने कुत्र्यांच्या मानेतल्या शिरेत रबराचे तुकडे सोडून पाहिले. ते तुकडे पुढे फुप्फुसाच्या धमनीत अडकलेले सापडले. गुठळी एका जागी होते आणि घात दुसऱ्याच जागी करते, ही गोष्ट अशी सिद्ध झाली.

आज एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला पॅथॉलॉजीच्या पेपरात थ्रॉम्बोसिस, एम्बोलिझम आणि इन्फार्क्शन हे तीन प्रश्न हमखास येतात. जिवंत माणसाच्या हृदयात किंवा रक्तवाहिनीत रक्ताची घट्ट गुठळी होणं म्हणजे थ्रॉम्बोसिस. तिचा तुकडा सुटून रक्ताबरोबर दूर जाऊन अडकणं म्हणजे एम्बोलिझम. चरबीचे थेंब किंवा हवेचे बुडबुडेसुद्धा असे वाहत जातात, पण बहुतेक वेळा तो तुकडा गुठळीचाच असतो. रक्तपुरवठा तुटल्यामुळे एखाद्या अवयवाचा भाग मरणं म्हणजे इन्फार्क्शन, आणि तो मेलेला भाग म्हणजे इन्फार्क्ट. मुलं या तीन टिपा वेगवेगळ्या पाठ करतात आणि वेगवेगळ्या लिहितात. रुग्णाच्या शरीरात मात्र बऱ्याचदा हे एकाच आजाराचे तीन टप्पे असतात, आणि एकातून दुसरा का निघाला किंवा का निघाला नाही, हे सांगता आलं तरच विषय समजला असं मी मानतो. त्यासाठी हाडांच्या वॉर्डात वारंवार दिसणारं एक उदाहरण घेऊ.

सत्तरीच्या एक आजी बाथरूममध्ये घसरून पडल्या आणि त्यांच्या मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं. ऑपरेशन व्हायला दोन दिवस गेले. काही वर्षांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक येऊन गेलेला, त्यामुळे हृदय मुळातच थोडं कमजोर. ऑपरेशन चांगलं झालं, पण भीतीमुळे आणि दुखण्यामुळे आजी पलंगावरून उतरायला तयार होईनात. घरच्यांनीही आग्रह केला नाही. आठव्या दिवशी सकाळी वॉकर धरून त्या संडासला निघाल्या आणि चार पावलांवर त्यांना एकदम दम लागला. बसवल्यावर थोड्या वेळाने बरं वाटलं. अशक्तपणा असेल म्हणून कोणी फार मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी उजव्या बरगड्यांखाली दुखू लागलं, श्वास खोल घेतला की कळ यायची, आणि खोकल्यात रक्ताचे धागे दिसले.

दुखणं छातीत असलं तरी त्याची सुरुवात आठवडाभर आधी पोटरीत झाली होती. पायातलं रक्त हृदयाकडे वर चढवायला पायात वेगळा पंप नाही. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात, खोलवरच्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. ते खाली परत येऊ नये म्हणून शिरांमध्ये ठिकठिकाणी झडपा असतात. माणूस आठवडाभर आडवा पडून राहिला की हा पंप बंद. झडपेच्या मागे छोटासा खिसा असतो आणि त्यात रक्त आधीच मंद फिरत असतं. ओढ्याच्या कडेला पाणी संथ होतं तिथे काडीकचरा गोळा होतो, तशा त्या खिशात प्लेटलेट पेशी साचू लागतात. एरवी वाहतं रक्त गोठवणारे घटक धुऊन नेतं आणि गोठणं रोखणारे घटक आणून पोचवतं. ही दोन्ही कामं थांबली की खिशातल्या रक्ताला गोठण्याची मोकळीक मिळते.

रक्त नुसतं मंदावल्याने एवढी मोठी गुठळी सहसा होत नाही. आजींच्या बाबतीत आणखी दोन कारणं येऊन मिळाली होती. हाड मोडलं, मग ऑपरेशनमध्ये कापलं गेलं, आणि जखमी ऊतींमधून रक्त गोठवण्याची साखळी सुरू करणारा घटक रक्तात उतरला. खुब्याच्या ऑपरेशनमध्ये पाय वळवावा लागतो, तेव्हा मांडीतल्या शिरेला पीळ पडतो आणि तिच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा होऊ शकते. शिवाय मोठ्या जखमेनंतर यकृत कित्येक दिवस फायब्रिनोजेन जास्त बनवतं आणि प्लेटलेटही वाढतात. जखमेतून रक्त वाहून जाऊ नये म्हणून शरीराने केलेली ही तयारी. तीच इथे उलटली.

अस्तराची इजा, प्रवाहातला बिघाड आणि गोठण्याकडे झुकलेलं रक्त, या तीन कारणांना मिळून फिरशोचं त्रिक म्हणतात. हे नाव नंतरच्या लोकांनी दिलं. उत्तरपत्रिकेत हे तीन शब्द जवळजवळ सगळेच लिहितात, त्यामुळे नुसत्या शब्दांना मी फार किंमत देत नाही. कुठल्या जागी तिन्हींपैकी कोण पुढे असतं, ते लिहिलं पाहिजे. शिरांमध्ये मंद प्रवाह आणि बदललेलं रक्त यांचा जोर असतो. धमन्यांमध्ये रक्त वेगाने वाहतं, तिथे अस्तर फाटल्याशिवाय गुठळी सहसा धरत नाही. या एका फरकातून पुढचं बरंच काही निघतं.

शिरेतली गुठळी झडपेपाशी प्लेटलेट आणि फायब्रिनच्या जाळ्याने सुरू होते. रक्त संथ असल्यामुळे त्या जाळ्यात लाल पेशी मोठ्या संख्येने अडकतात, म्हणून ती लाल दिसते. मग ती रक्ताच्या दिशेने, म्हणजे हृदयाकडे वाढत जाते. तिचं बूड शिरेच्या भिंतीला चिकटलेलं असतं आणि लांबलेली शेपूट मोकळी, रक्तात हेलकावत राहते. धोका या शेपटीचा. आणि हे सगळं चालू असताना पाय बाहेरून अगदी साधा दिसू शकतो. खोल शिरांतल्या गुठळ्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये काहीच लक्षण नसतं. उरलेल्यांमध्ये एका पायाला सूज, जडपणा, दुखणं, किंचित ऊब अशी साधी लक्षणं असतात. दोन्ही पायांना सारखी सूज असेल तर कारण बहुधा दुसरं असतं. एकाच पायाची सूज मात्र शंका घ्यायला लावते.

आठव्या दिवशी आजी उभ्या राहिल्या, पोटरीचे स्नायू कित्येक दिवसांनी जोराने आवळले गेले आणि शेपटीचा तुकडा सुटला. पोटरीतून गुडघ्यामागची शीर, तिथून मांडीतली, तिथून ओटीपोटातली, मग पोटातली महाशीर, मग हृदयाचा उजवा कप्पा. या वाटेवर प्रत्येक पुढची वाहिनी मागचीपेक्षा रुंद आहे, त्यामुळे तुकड्याला अडकायला जागाच नाही. हृदयाच्या उजव्या बाजूतून तो फुप्फुसाच्या धमनीत फेकला जातो आणि तिथे पहिल्यांदा फांद्या अरुंद होत जातात. म्हणून फुप्फुसात अडकलेल्या बहुतेक गुठळ्यांचं मूळ पायांच्या खोल शिरांमध्ये सापडतं.

पायातली गाठ मेंदूत गेली आणि लकवा मारला, असं लोक बोलतात. सहसा तसं होत नाही, कारण वाटेत फुप्फुसाची चाळण आहे. अपवाद एकच मोठा. जन्माआधी हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक दार उघडं असतं आणि सुमारे चौथ्या हिश्शाच्या माणसांमध्ये ते पुढेही पक्कं मिटत नाही. उजव्या बाजूचा दाब वाढला तर एखादा तुकडा त्या फटीतून डावीकडे निसटून मेंदूत जाऊ शकतो. मेंदूत जाणाऱ्या गुठळ्यांचं नेहमीचं मूळ हृदयाची डावी बाजू किंवा मानेतल्या धमन्या हे असतं. ठोके अनियमित पडतात तेव्हा, किंवा संधिवाताच्या तापाने झडप अरुंद होते तेव्हा, डाव्या वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते. तिचा तुकडा मेंदूत, पायात, मूत्रपिंडात किंवा प्लीहेत जाऊन अडकतो. तुकडा कुठे सापडला यावरून तो कुठून सुटला याचा अंदाज बांधता येतो तो असा.

फुप्फुसात पोचल्यावर काय होणार हे तुकड्याच्या आकारावर आणि हृदयाच्या ताकदीवर ठरतं. तुकडा खूप मोठा असेल, तर फुप्फुसाची मुख्य धमनी जिथे दोन भागांत विभागते त्या तिठ्यावर तो आडवा बसतो. हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्याची भिंत पातळ असते. त्याला कमी दाबाचीच सवय. समोरची निम्म्याहून अधिक वाट एकदम बंद झाली की तो फुगतो आणि हरतो. डाव्या बाजूला रक्तच पोचत नाही, रक्तदाब कोसळतो आणि माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो. अशा मृत्यूनंतर फुप्फुस कापून पाहिलं तर इन्फार्क्ट सापडत नाही. पेशी मेल्याच्या खुणा दिसायला काही तास लागतात आणि रुग्णाला तेवढा वेळ मिळालेलाच नसतो. सर्वांत मोठ्या एम्बोलसने फुप्फुसात इन्फार्क्ट होत नाही, हे ऐकून विद्यार्थी दचकतात, पण क्रम नीट पाहिला की त्यात काही नवल उरत नाही.

मध्यम आकाराच्या तुकड्यानेही बहुधा इन्फार्क्ट होत नाही, पण कारण निराळं. फुप्फुसाला दोन वाटांनी रक्त मिळतं. फुप्फुसाच्या धमनीतून अशुद्ध रक्त येतं आणि श्वासनलिकांसोबत जाणाऱ्या छोट्या ब्राँकियल धमन्या महाधमनीकडून शुद्ध रक्त आणतात. पहिली वाट बंद पडली तरी दुसरीवर पेशी तग धरतात. रुग्णाला दम लागतो, नाडी धावते, पण फुप्फुस जिवंत राहतं. एकंदरीत दहा एम्बोलसपैकी साधारण एकातच इन्फार्क्ट होतो.

आजी त्या एकात का गेल्या? त्यांचा तुकडा लहान होता आणि थेट कडेच्या बारीक फांदीपर्यंत पोचला. तिथे पर्यायी पुरवठा मुळात कमी. शिवाय कमजोर हृदयामुळे ब्राँकियल धमन्यांतला प्रवाहही पुरेसा नव्हता. दोन्ही वाटा अपुऱ्या पडल्या आणि फुप्फुसाच्या खालच्या भागातला एक तुकडा मेला. तो पाचरीच्या आकाराचा असतो: टोक बंद झालेल्या धमनीकडे आणि रुंद बाजू फुप्फुसाच्या पृष्ठभागावर. हा आकार यायचं कारण साधं आहे. एक फांदी जसजशी फुटत जाते तसतसा तिच्या वाट्याचा प्रदेश रुंद होत जातो, आणि ती जिथे तुंबते तिथून पुढचा सगळा प्रदेश मरतो. पृष्ठभागावरच्या आवरणाला दाह होतो. त्या आवरणाच्या बाहेरच्या पदराला वेदनेच्या नसा आहेत, म्हणून खोल श्वासासरशी कळ येते. मेलेल्या भागात रक्त झिरपतं, म्हणून खोकल्यात रक्त.

याच झिरपण्यामुळे फुप्फुसातला इन्फार्क्ट लालभडक, टणक आणि किंचित उंचावलेला दिसतो. फुप्फुस विरळ आहे आणि दुसऱ्या वाटेने थोडं रक्त येतच राहतं, ते मेलेल्या भागात पसरतं. हृदय, मूत्रपिंड आणि प्लीहा या अवयवांची ऊती घट्ट आणि वाट एकच, म्हणून तिथला इन्फार्क्ट फिका पडतो. रंग पाठ करायचा विषय नाही. अवयवाची घडण आणि रक्ताच्या वाटा सांगितल्या की रंग आपोआप सांगता येतो. दोनेक दिवसांत सांडलेल्या लाल पेशी फुटू लागतात, लाल रंग तपकिरी होतो, कडेकडून नव्या केशवाहिन्या आणि तंतू आत शिरतात आणि शेवटी आत ओढलेला पांढुरका व्रण उरतो.

आजींच्या छातीच्या एक्स-रेवर उजवीकडे खाली एक डाग होता. सोबत बारीक ताप आणि खोकला. अशा वेळी न्यूमोनिया म्हणून अँटिबायोटिक सुरू होण्याची शक्यता मोठी, आणि ही चूक महागात पडते, कारण पायात उरलेली गुठळी पुढचा तुकडा सोडायला तयारच असते. पटकन आलेला दम, नुकतंच झालेलं ऑपरेशन, धावणारी नाडी आणि ऑक्सिजनची घसरण या गोष्टी एकत्र दिसल्या की शंका घ्यावी. डी-डायमर ही रक्ततपासणी इथे फारशी कामाची नाही. ती नॉर्मल आली तर कमी धोक्याच्या रुग्णात गुठळी नाही असं धरता येतं. पण ऑपरेशननंतर ती कुणाचीही वाढलेलीच असते. आजींचं सीटी अँजिओग्राफीने निदान झालं. शिरेतून सोडलेलं औषध फुप्फुसाच्या धमनीत पांढरं चमकतं आणि गुठळीच्या जागी काळी पोकळी दिसते. पायाची सोनोग्राफी तर पाहण्यासारखी असते. डॉक्टर मांडीवर प्रोब ठेवून हलकेच दाबतात, तेव्हा निरोगी शीर चपटी होऊन पडद्यावरून दिसेनाशी होते. गुठळी असलेली शीर दाबली तरी गोलच राहते.

मृत्यूनंतरही शिरांमधलं रक्त गोठतं, त्यामुळे शवविच्छेदनात खरी गुठळी ओळखावी लागते. मृत्यूनंतर साकळलेलं रक्त मऊ, ओलसर आणि चकचकीत असतं. लाल पेशी जडपणामुळे खाली बसतात, म्हणून खालचा थर गडद आणि वरचा पिवळट. ते कुठेही चिकटलेलं नसतं, ओढलं की अखंड निघून येतं. जिवंतपणी झालेली गुठळी कोरडी, ठिसूळ आणि भिंतीला धरलेली असते. वाहत्या रक्तात तयार झाली असेल, तर तिच्या कापावर प्लेटलेट-फायब्रिनचे फिके आणि लाल पेशींचे गडद पट्टे आळीपाळीने दिसतात. त्यांना झानच्या रेषा म्हणतात. रक्त वाहत असल्याशिवाय या रेषा उमटत नाहीत, म्हणून माणूस तेव्हा जिवंत होता याचा तो पुरावा ठरतो.

आजींना हेपरिन सुरू झालं. हेपरिनने गुठळी विरघळते असा समज आहे. तसं नाही. ते फक्त गुठळीची वाढ थांबवतं. विरघळवण्याचं काम शरीरातलं प्लाझ्मिन करतं. गुठळी ताजी असेल तर प्लाझ्मिनला ती पूर्ण पचवता येते. जुनी झाली की फायब्रिनचे धागे एकमेकांत घट्ट विणले जातात आणि मग गुठळी विरघळवणारी इंजेक्शनंसुद्धा तोकडी पडतात. न विरघळलेल्या गुठळीत भिंतीकडून पेशी आणि नव्या केशवाहिन्या शिरतात, तिचं तंतुमय ऊतीत रूपांतर होतं आणि कधीकधी तिच्यातून रक्ताला पुन्हा बारीक वाट मिळते. पण त्या शिरेच्या झडपा अनेकदा निकामी झालेल्या असतात. कित्येकांचा पाय पुढे वर्षानुवर्षं संध्याकाळी सुजतो तो यामुळे. गुठळी वाढणं, सुटणं, विरघळणं आणि व्रणात रूपांतर होणं, या तिच्या चार गती.

हृदयविकाराच्या झटक्यात ही साखळी आखूड असते. तिथे मधला टप्पा सहसा लागतच नाही. हृदयाच्या धमनीच्या भिंतीत चरबीचा थर साठलेला असतो, त्याचं पातळ झाकण फुटतं, अस्तराखालचा भाग उघडा पडतो आणि त्याच जागी गुठळी होऊन वाट बंद होते. स्नायूच्या पेशी 20 ते 40 मिनिटांत परत न येण्याच्या टोकाला पोचू लागतात, म्हणून धमनी लवकर उघडण्याची धडपड. मेलेल्या भागाचा पक्का व्रण व्हायला दोनेक महिने लागतात. आणि हृदयाची ती भिंत हालेनाशी झाली की तिच्यापाशी रक्त मंदावतं, खाली अस्तराला इजा झालेलीच असते, तिथे नवी गुठळी धरते आणि तिचा तुकडा मेंदूत जाऊन लकवा होऊ शकतो. म्हणजे थ्रॉम्बोसिसमुळे इन्फार्क्ट, इन्फार्क्टमुळे पुन्हा थ्रॉम्बोसिस, आणि त्यातून एम्बोलिझम होऊन मेंदूत दुसरा इन्फार्क्ट. ज्या विद्यार्थ्याच्या उत्तरात हा फेरा येतो, त्याला मी पुरे गुण देईन.

खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या ऑपरेशननंतर रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं किंवा गोळ्या किमान 10 ते 14 दिवस, आणि खुब्यासाठी 35 दिवसांपर्यंतही देतात. घरी आल्यावर जखम बरी दिसते म्हणून त्या मध्येच बंद करू नयेत. डॉक्टरांनी परवानगी दिली की रुग्णाला आग्रह करून उठवावं. तोवर पलंगावर पडल्या पडल्या पावलं वरखाली हलवत राहिलं तरी पोटरीचा पंप थोडाफार चालतो. आणि ऑपरेशननंतर एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, तर आपल्याकडे आधी तेलाची बाटली बाहेर येते. अशा पायाला मालीश करू नका, शेकू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि पायाच्या डॉप्लर तपासणीची गरज आहे का, हे त्यांना विचारा.